मे महिन्यातला फोटो, डिसेंबरची सावली

सोलरच्या कोटेशनमध्ये एक चित्र असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पीडीएफच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पानावर तुमच्याच घराचा फोटो, आणि त्याच्या गच्चीवर अजून न बसवलेली पॅनल्स. त्यानंतरच्या पानांवर किलोवॅट, इन्व्हर्टर, अनुदान, नेट मीटर असं सगळं असतं, पण घरातली माणसं बोट ठेवतात ते या चित्रावर. ‘असं दिसणार बघ आपलं घर.’ फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळायला लागलं, आणि सातारा-सांगलीकडच्या बंगल्यांवर या चित्रांचा पाऊस पडला. मला हा एक नवा चित्रप्रकार वाटतो, आणि त्याची कोणी नीट समीक्षा करत नाही म्हणून हा लेख.

समीक्षा कशाला, ते तर जाहिरातीचं चित्र, असं कोणी म्हणेल. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर साहेबांच्या चेहऱ्यावर डावीकडून उजेड असतो आणि शेजारच्या कार्यकर्त्याच्या चेहऱ्यावर उजवीकडून, त्यावर आपण कधी वाद घालत नाही. कारण फ्लेक्स मीटर-सेंटिमीटरमध्ये काही सांगत नाही. कोटेशनमधलं चित्र मात्र सांगतं. पॅनल इथे बसणार, इतक्या उतारावर बसणार, आणि त्याच्यावर ऊन पडणार. म्हणजे ती तीन विधानं आहेत आणि तिन्ही तपासता येतात.

सांगलीला विश्रामबागेत माझे मामा राहतात. तळमजला आणि वर एक मजला, दक्षिणेला नऊ मीटरचा रस्ता. गच्ची पूर्व-पश्चिम नऊ मीटर, दक्षिण-उत्तर अकरा. आग्नेय कोपऱ्यात जिन्याची खोली आणि तिच्या पश्चिम कडेला हजार लिटरची काळी टाकी. गेल्या मे महिन्यात त्यांच्याकडे तीन कोटेशनं आली. तिन्हींत ५४० वॅटची सहा पॅनल्स, म्हणजे सव्वातीन किलोवॅटच्या आसपास, तीन-तीनच्या दोन ओळींत, दक्षिणेकडे तोंड करून, १५ अंशांचा उतार. आकडे सारखे, चित्रं तीन वेगळी. मामांनी ती मला पाठवली आणि विचारलं, ‘‘तू कॉम्प्युटरवाला ना? यातलं खरं कुठलं ते सांग.’’

सगळ्यात आकर्षक चित्र गेटसमोरून काढलेल्या फोटोवर होतं. खाली बोगनवेल, मोटारसायकल, वर पॅनल्सची निळी चकचकीत पृष्ठं. हे चित्र खोटं आहे हे ठरवायला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. १५ अंश उतार असलेलं पॅनल दक्षिणेकडून खालून बघताना त्याचं काचेचं तोंड केव्हा दिसेल? तुमची नजर १५ अंशांपेक्षा कमी चढत असेल तेव्हाच. त्याहून जास्त मान वर केली की पॅनलची खालची बाजू दिसायला लागते, पांढरट पाठ आणि लोखंडी पट्ट्या. मामांच्या गच्चीवरची पॅनल्स रस्त्यापासून साधारण आठ मीटर उंचीवर येतात आणि बघणाऱ्याचे डोळे दीड-पावणेदोन मीटरवर असतात. मधले साडेसहा मीटर १५ अंशांत बसवायचे तर माणसाला घरापासून २४ मीटर लांब उभं राहावं लागेल. रस्ता आणि अंगण मिळून बारा मीटरही भरत नाहीत, त्यापुढे समोरच्यांचा दिवाणखाना लागतो. शिवाय गच्चीला तीन फुटांचा कठडा आहे, तो आणखी थोडं झाकतोच. तिथून निळी तोंडं दिसायची तर पॅनल्स ३५-४० अंशांवर उभी करावी लागतील, आणि चित्रकाराने तेच केलं होतं. तुमचं घर पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या रस्त्यावर असेल तर प्रश्न आणखी सोपा. दक्षिणेकडे कललेल्या पॅनलचं तोंड त्या रस्त्यावरून, कितीही लांब गेलात तरी, खालून दिसूच शकत नाही.

हा चित्रकार खोटारडा होता असं मला वाटत नाही. त्याची अडचण अशी की खरं चित्र काढलं तर गिऱ्हाइकाला काही दिसतच नाही. कठड्यावरून डोकावणारी एक करडी पट्टी दाखवून दोन लाखांच्या घरातला व्यवहार कसा होणार? म्हणून पॅनल उभं केलं जातं, एखाद्या दुकानाच्या पाटीसारखं. पण ४० अंशांच्या स्ट्रक्चरला वारा किती धरतो, लोखंड किती लागतं, मागच्या ओळीसाठी अंतर किती सोडावं लागतं, हे सगळं वेगळं असतं. म्हणजे पुढच्या पानावरचे आकडे एका गच्चीचे आणि चित्र दुसऱ्याच गच्चीचं.

बाकीची दोन्ही चित्रं दक्षिणेकडच्या समोरच्या घराच्या गच्चीवरून काढलेल्या फोटोंवर होती, कॅमेरा सरळ उत्तरेकडे. ही जागा योग्य आहे, कारण कॅमेरा आणि पॅनल जवळपास एकाच उंचीवर येतात आणि पॅनलचं तोंड खरोखरच दिसतं. इथे उतार तपासायची साधी युक्ती आहे. असं पॅनल २.२८ मीटर लांब असतं. १५ अंशांवर ठेवलं की त्याची मागची कड पुढच्या कडेपेक्षा ५९ सेंटिमीटर वर जाते. गच्चीचा कठडा ९० सेंटिमीटर. म्हणजे चित्रात पुढची आणि मागची कड यांच्या उंचीतला फरक कठड्याच्या दोन-तृतीयांश असला पाहिजे, अर्थात तितक्याच अंतरावरच्या कठड्याच्या. मागचा पाय पुढच्या पायापेक्षा किती उंच काढलाय ते बघितलं तरी चालतं.

ज्याला चित्र बनवायचंय त्याला याहून थोडं जास्त लागतं. उत्तरेकडे जाणाऱ्या कठड्याच्या दोन्ही कडा फोटोत लांबवल्या की त्या क्षितिजावर एका बिंदूत मिळतात. नवखा माणूस पॅनलच्या कडाही त्याच बिंदूकडे नेतो आणि पॅनल गच्चीवर सपाट पडल्यासारखं दिसतं, मग ते ‘उचलण्यासाठी’ अंदाजाने ओढाताण सुरू होते. उतरत्या कडांचा बिंदू वेगळा असतो. तो कठड्याच्या बिंदूच्या बरोबर वर येतो. किती वर, ते कॅमेऱ्यावर अवलंबून. फोनच्या नेहमीच्या मुख्य कॅमेऱ्याने काढलेला, चार हजार पिक्सेल रुंद, न कापलेला फोटो असेल आणि फोन सरळ धरला असेल तर १५ अंशांसाठी हा बिंदू क्षितिजापासून साधारण ८०० पिक्सेल वर येतो, ३० अंशांसाठी १७०० च्या पुढे. उलटंही करता येतं. कोटेशनमधल्या चित्रावर पट्टी ठेवा, पॅनलच्या दोन कडा वर लांबवा, कुठे मिळतात ते बघा, उतार हातात. `fSpy` सारखं मोफत सॉफ्टवेअर हेच काम कठड्याच्या रेषांवरून करतं आणि कॅमेरा ब्लेंडरमध्ये नेऊन देतं. तिथे खऱ्या मापाचं पॅनल ठेवलं की अंदाजाची गरज उरत नाही. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असेल तर मात्र तो लहान झालेला असतो आणि त्याच्यातली वेळ व कॅमेऱ्याची माहितीही गेलेली असते. चित्र बनवणाऱ्याने मूळ फाइल मागितली का, ही त्याची पहिली परीक्षा.

दुसऱ्या चित्रात उतार बरोबर होता. चूक सावलीत होती, आणि ती मला विलक्षण वाटली. पॅनल्सच्या उजवीकडे गच्चीवर लांब, मऊ, काळसर सावली पसरलेली. देखणी सावली. संध्याकाळी पाच वाजता पडावी तशी. पण त्याच फोटोत टाकी आहे, आणि टाकीला सावलीच नाही. शेजारच्या खांबाला नाही, वाळत घातलेल्या साडीच्या दांडीलाही नाही. फोटो चौदा मेला दुपारी साडेबाराच्या सुमाराला काढला होता, आणि सांगलीत त्या वेळी असंच असतं.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. सांगली जवळपास १६.८५ उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य वर्षभरात साडेतेवीस उत्तर ते साडेतेवीस दक्षिण असा सरकतो, म्हणजे सांगलीच्या डोक्यावरून तो दोनदा जातो. एकदा मेच्या पहिल्या पंधरवड्यात, उत्तरेकडे जाताना, आणि एकदा ऑगस्टच्या सुरुवातीला, परत येताना. शाळेत शून्य सावलीचा दिवस म्हणून जो प्रयोग करतात तो हाच. साताऱ्याला हे दिवस दोन-तीन दिवसांनी इकडे-तिकडे. मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणजे जूनमध्ये भर दुपारी सावली दक्षिणेकडे पडते. आणि दुपार म्हणजे बारा नव्हे. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर लावलेलं आहे, सांगली त्याच्या पश्चिमेला आठ अंश. त्यामुळे सूर्य सर्वांत वर येतो तो मे महिन्यात १२ वाजून २८ मिनिटांच्या आसपास. चौदा मेला त्या क्षणी सूर्य डोक्यापासून जेमतेम पावणेदोन अंश उत्तरेला होता. जिन्याची खोली आणि टाकी मिळून गच्चीपासून ३.७ मीटर उंच आहे, तिची सावली दक्षिणेकडे ११ सेंटिमीटर. वीतभरही नाही.

म्हणून दुसऱ्या चित्रातली ती लांब सावली दुसऱ्या कुठल्या तरी सूर्याची होती. खरी सावली पॅनलच्या थेट खाली पडायला हवी होती, समोरून बघताना पायांच्या मधला काळोखा पट्टा म्हणून दिसणारी. तिच्या कडा कशा हव्यात हेही ठरलेलं असतं. सूर्य आकाशात अर्धा अंश रुंद दिसतो, त्यामुळे सावलीची कड वस्तूपासूनच्या अंतराच्या साधारण शंभराव्या भागाइतकी पुसट होते. मीटरभर उंचीवरच्या पॅनलची सावली एखाद्या सेंटिमीटरने पुसट, म्हणजे जवळपास धारदार. फोटोशॉपमधला मऊ ब्रश इथे चुगली करतो. आणि सावली काळी नसते. तिथे ऊन नसलं तरी आकाशाचा उजेड असतोच, म्हणून ती निळसर करडी असते. फोटोत आधीपासून असलेली एखादी सावली घ्यायची, उन्हातल्या स्लॅबपेक्षा ती किती गडद आहे ते मोजायचं आणि तेवढंच गडद करायचं. फोटो ढगाळ दिवसाचा असेल, आणि जुलैतल्या साताऱ्यात दुसरा कुठला असणार, तर कडक सावली काढूच नये. पायांच्या बुडाशी थोडा काळोख पुरतो, आणि काचेत निळं नव्हे तर पांढुरकं आकाश दिसायला हवं.

आता तिसरं चित्र. उतार अचूक, पायांच्या उंच्या बरोबर, सावली थेट खाली, कडा धारदार, रंग जुळलेला. काचेत दक्षिणेकडचं आकाशसुद्धा नव्हतं, उत्तरेकडचं होतं, जसं असायला हवं. कोणी तरी मन लावून केलेलं काम होतं. कारागिरीच्या हिशेबाने तिन्हींत सर्वोत्तम. मी मामांना म्हणालो, ‘‘चित्र हेच खरं आहे, पण तुम्ही यावर सही करू नका.’’

पॅनल्स जिन्याच्या खोलीपासून एक मीटरवर मांडली होती. तशी मांडली की ती फोटोच्या मधोमध येतात, दोन्ही बाजूंना सारखी मोकळी गच्ची राहते आणि चित्र तोललेलं दिसतं. मेच्या दुपारी तिथे टाकीची सावली नाही, म्हणून चित्रातही नाही. खोटं काहीच नाही. पण २१ डिसेंबरला सकाळी नऊ वाजता सूर्य २५ अंशांपेक्षा थोडा कमीच वर असतो, आणि आग्नेयेला. त्या वेळी एक मीटर उंच वस्तूची सावली २.१६ मीटर लांब पडते. टाकीचा माथा पॅनल्सच्या पातळीपेक्षा २.७ मीटर वर आहे, तेव्हा तिची सावली पॅनल्सच्या पातळीवर पावणेसहा मीटरहून लांब, साडेतीन मीटर उत्तरेला आणि ४.७ मीटर पश्चिमेला. म्हणजे नेमकी पॅनल्सवर. सूर्य वर चढतो तशी ती मागे हटते. दहा वाजता तिची पश्चिमेकडची झेप २.६ मीटर राहते, अकराला १.४. एक मीटरवर मांडलेल्या पॅनलवरून टाकीची सावली पूर्ण उतरायला सव्वाअकरा वाजून जातात.

त्यात सहाही पॅनल्स एका माळेत जोडलेली असतात, सगळ्यांतून एकच प्रवाह जातो. एका पॅनलच्या काही भागावर गडद सावली पडली तर पॅनलमागच्या डब्यातला डायोड तेवढा भाग वळसा घालून बाजूला काढतो. म्हणजे हातभर सावलीने पॅनलचा मोठा हिस्सा त्या वेळेपुरता बंद. सावलीचं क्षेत्रफळ आणि गेलेली वीज यांचं प्रमाण सरळ नसतं. त्यात आपल्याकडे पावसाळ्याचे महिने ढगांत जातात, डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी मात्र आकाश स्वच्छ असतं, आणि नेमक्या त्याच महिन्यांत टाकी आडवी येते.

मग तीच सहा पॅनल्स पश्चिमेच्या कठड्याकडे सरकवून बघा. तीन पॅनल्सची ओळ साडेतीन मीटरच्या आत बसते. कठड्यापासून अर्धा मीटर सोडला तरी जिन्याच्या खोलीपासून अडीच मीटर मोकळे राहतात. आता डिसेंबरमध्ये सावली दहाच्या सुमाराला उतरते, सव्वा तास आधी. खर्च शून्य. दोन ओळींत पाऊण मीटरचं अंतर ठेवलं की नऊ वाजता पुढची ओळ मागचीवर सावली टाकत नाही, आणि सगळं मिळून दक्षिण-उत्तर सव्वापाच मीटर लागतात, तेवढी गच्ची आहे. चित्र मात्र बिघडतं. सगळा भार डावीकडे, उजवीकडे नुसती टाकी आणि रिकामा स्लॅब. तिसरं चित्र करणाऱ्या एजन्सीच्या मुलाशी मामांनी फोनवर बोलणं करून दिलं. तो म्हणाला, ‘‘दादा, फोटोत मधे चांगलं दिसतं, फिटिंगला बघू की.’’ फिटिंगला येणारी माणसं वेगळी असतात आणि त्यांच्या हातात हेच चित्र असतं, हे त्यालाही माहीत असणार.

या चित्रप्रकाराबद्दल माझी तक्रार इथे आहे. हे चित्र वीजबिल वाढल्यावर मागितलं जातं, म्हणजे एप्रिल-मे मध्ये, पंखे आणि कूलर जोरात असताना. नेमक्या त्याच दिवसांत आपल्या अक्षांशावर दुपारची सावली नाहीशी होते. वर्षातला सर्वांत कमी सांगणारा उजेड आणि विक्रीचा हंगाम एकत्र येतात. जितकं प्रामाणिकपणे फोटोच्या उजेडाशी जुळवून घ्याल तितकं चित्र डिसेंबर लपवतं. म्हणून एकाच फोटोवर दोन चित्रं असायला हवीत, एक फोटोच्या वेळेचं आणि एक २१ डिसेंबरच्या सकाळी नऊचं, टाकीच्या आणि जिन्याच्या खोलीच्या काढलेल्या सावलीसकट. यात जास्तीचं काम फार नाही. गच्चीचं मापाचं मॉडेल एकदा झालं की ब्लेंडरमध्ये `Sun Position` ला अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ द्यायची, सावली आपोआप पडते. अडचण इतकीच की दुसरं चित्र दिसायला वाईट असतं. मूळ फोटोतला उजेड मेचा, त्यावर डिसेंबरची सावली, सगळं विचित्र. ते मुद्दाम आकृतीसारखं ठेवावं, फोटोचा आव आणू नये.

आणि साताऱ्यात हेही पुरत नाही. सांगली कृष्णाकाठचं सपाट मैदान, तिथे आडवं येतं ते शेजाऱ्याचं, टाकी किंवा नारळ किंवा नवी अपार्टमेंट. साताऱ्यात अजिंक्यतारा शहराच्या दक्षिणेला आहे, आणि पायथ्याशी, त्याच्या उत्तरेला, घरंच घरं. पॅनलचं तोंड दिसावं म्हणून फोटोवाला दक्षिणेला उभा राहतो आणि उत्तरेकडे बघतो. म्हणजे डोंगर त्याच्या पाठीशी. फोटोत पेढ्याचा भैरोबा येईल, आकाश येईल, गच्ची येईल, किल्ला येणार नाही. समजा डोंगराची धार घरापासून ६०० मीटरवर आणि २५० मीटर उंच आहे, आणि ती आग्नेयेपर्यंत पसरली आहे. मग ती जवळपास साडेबावीस अंश आकाश झाकते, आणि डिसेंबरच्या शेवटी सूर्य तेवढा वर यायला नऊ वाजत येतात. नैऋत्येलाही धार तशीच असेल तर दुपारी सव्वाचारच्या आत ऊन जातं. पॅनलवर पडणारी ही सावली कुठल्याही फोटोत काढता येत नाही, कारण ती टाकणारी वस्तूच चौकटीबाहेर आहे. त्यासाठी पॅनलच्या जागी उभं राहून, पाठ फिरवून, आग्नेयेपासून नैऋत्येपर्यंत एक आडवा फोटो काढावा लागतो आणि फोनमधल्या कोनमापकाने धारेची उंची चार-पाच ठिकाणी मोजावी लागते. मी आतापर्यंत पाहिलेल्या एकाही कोटेशनमध्ये असा फोटो नव्हता. पॅनल बघणारा फोटो सगळ्यांत असतो, पॅनलला काय दिसतं तो कुठेच नाही.

मामांनी शेवटी तिसऱ्याच एजन्सीला काम दिलं, मांडणी पश्चिमेला सरकवून घेऊन. नवं चित्र मागितलं तर त्या मुलाने जुन्याच चित्रातली पॅनल्स डावीकडे ओढून पाठवली. सावली मात्र सोबत ओढायची राहिली होती, ती गच्चीच्या मधोमध तशीच.